आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना: आधी किल्ल्या, मग सामान

माझा आतेभाऊ रावेरला केळीचा व्यापार करतो. चार वर्षं आयफोन 12 वापरला आणि गेल्या उन्हाळ्यात सॅमसंगचा नवा फोन घेतला. दुकानातल्या पोराने मदत म्हणून जागेवरच सिम काढून नव्या फोनात टाकलं, व्हॉट्सॲप चालू करून दिलं आणि "झालं दादा" म्हणून हातात दिलं. संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "अरे भो, चॅट सगळे कोरे दिसताहेत. गाड्यांच्या वजनाच्या पावत्या, दिल्लीवाल्याचे हिशोब, काहीच नाही!"

आयफोन त्याने अजून विकला नव्हता, म्हणून सगळं परत मिळालं. तरी दोन रात्री गेल्या. मी स्वतः वर्षभर आधी हेच करून बसलो होतो आणि कंपनीच्या मेलमधून तीन दिवस बाहेर होतो. दोघांचीही चूक एकच होती, ती म्हणजे कामाचा क्रम. फोटो आणि मेसेज हे सामान आहे, उशिरा नेलं तरी चालतं. लॉगिनचे कोड म्हणजे किल्ल्या. त्या जुन्या घरात राहिल्या आणि घर पुसलं गेलं, तर पुढचे आठ दिवस कस्टमर केअरचं संगीत ऐकण्यात जातात.

खाली लिहिलेला क्रम आतेभावाच्या फोनवर आम्ही दुसऱ्यांदा, नीट केला तोच आहे.

## सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवं

- दोन्ही फोन, दोन्ही पूर्ण चार्ज केलेले. नवा फोन शक्यतो अजून सेटअप न केलेला.
- डेटा जाणारी केबल. आयफोन 14 पर्यंतच्या फोनला एका बाजूला लाइटनिंग आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी, आयफोन 15 पासून पुढे दोन्ही बाजूंना टाइप-सी. स्टँडवर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात. केबल लावल्यावर आयफोनवर `Trust This Computer?` असं विचारलं गेलं नाही, तर आधी केबलवर संशय घ्या.
- ॲपल अकाउंटचा पासवर्ड आणि गूगल अकाउंटचा पासवर्ड, दोन्ही पाठ किंवा कागदावर.
- एक लॅपटॉप किंवा घरातल्या कुणाचा तिसरा फोन. लॉगिन तपासायला लागतो.
- एक वही. गंमत नाही, खरंच वही.

## 1. वेळ रात्रीची धरा

हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागणार नाही, पण जळगाव-भुसावळला मे महिन्यात सांगावंच लागतं. आयफोन 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायचा, असं ॲपलच सांगतं. आपल्याकडे दुपारी पारा 45 ला टेकतो. मोठा डेटा काढताना फोन तसाही तापतो. आतेभावाने पहिल्यांदा दुपारी तीनला, गच्चीखालच्या खोलीत सुरुवात केली. अर्ध्या तासात आयफोनच्या पडद्यावर आलं, `iPhone needs to cool down before you can use it`. पडदा बंद, कॉपी बंद, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा आम्ही रात्री साडेनऊला बसलो. कव्हर काढून दोन्ही फोन फरशीवर ठेवले आणि वर पंखा सोडला. फोन फ्रिजमध्ये ठेवायचा विचार कुणाच्या मनात आला, तर तो काढून टाका, आत बाष्प धरतं. लाईट जाण्याची सवय असेल तर वाय-फायऐवजी दुसऱ्या कुणाच्या फोनचं हॉटस्पॉट तयार ठेवा. केबलवरची कॉपी लाईट गेली तरी थांबत नाही, पण मध्ये लागणारं इंटरनेट थांबतं.

## 2. किल्ल्यांची यादी वहीत करा

आयफोन अजून नेहमीसारखा चालू आहे, सिम त्यातच आहे. अशा वेळी बसून लिहा की लॉगिन करताना पासवर्डनंतर आणखी काही विचारणारी खाती कोणती, आणि ते "आणखी काही" येतं कुठून. आतेभावाची यादी चार ओळींची निघाली:

- जीमेल: गूगल ऑथेंटिकेटर या लॉगिनचे कोड दाखवणाऱ्या ॲपमधला सहा आकडी कोड, शिवाय आयफोनमध्ये ठेवलेली पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चेहरा दाखवून आत नेणारी किल्ली.
- डीमॅट खातं: गूगल ऑथेंटिकेटर.
- निर्यातदार कंपनीने दिलेला मेल: मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर.
- केळीच्या ग्रुपचं फेसबुक पेज: आयफोनच्या स्वतःच्या `Passwords` ॲपमध्ये दिसणारा कोड.

यात चार जातींच्या किल्ल्या आहेत आणि प्रत्येक जातीला नेण्याची रीत वेगळी. बँकेचा ओटीपी या यादीत नाही, कारण तो एसएमएसने येतो आणि सिमबरोबर जातो.

आता यादीतल्या प्रत्येक खात्याचे बॅकअप कोड काढून घ्या. गूगलमध्ये `myaccount.google.com` वर सुरक्षेच्या भागात `2-Step Verification` आणि त्यात `Backup codes` आहे. तिथे आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते वहीत उतरवा. त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच आयफोनात ठेवू नका. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावून घेण्याचा तो प्रकार आहे.

हे आधी का, तर नवा अँड्रॉइड सेट करताना पहिल्याच पाच मिनिटांत गूगल अकाउंट मागितलं जातं. गूगलला पासवर्ड दिला की ते कोड मागतं. कोड आयफोनवर आहे आणि आयफोन त्या वेळी केबलला गुंतलेला आहे. वहीतला एक कोड टाकला की ही गाठ सुटते.

याच बैठकीत ॲपल अकाउंटही पाहून घ्या. `Settings` मध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करून `Sign-In & Security` आणि तिथे `Two-Factor Authentication`. त्यात नोंदवलेला नंबर चालू आहे ना? आयफोन हातातून गेल्यावर ॲपलचा कोड यायला तोच नंबर उरतो. आतेभावाच्या तिथे 2019 साली बंद केलेला नंबर होता.

## 3. सिमला इतक्यात हात लावू नका

दुकानात सगळ्यात आधी सिमच काढतात. आपण ते सगळ्यात शेवटी काढायचं. व्हॉट्सॲपचा ओटीपी आयफोनवर आला तरी तो वाचून नव्या फोनात टाकता येतो. आणि आयमेसेज बंद करताना सिम आयफोनमध्येच असलेलं बरं, ते पुढे येतं.

मोठा सापळा त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या आयफोनमध्ये ई-सिम आहे आणि नव्या फोनात प्लास्टिकचं सिम घालायचं आहे, किंवा उलट. सिम बदलून घेतलं की आपल्याकडे नव्या सिमवर 24 तास एसएमएस बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. फसवणूक करून कुणी तुमच्या नावाचं सिम काढलं तर त्याला लगेच बँकेचे ओटीपी मिळू नयेत म्हणून दूरसंचार विभागाने घालून दिलेला हा नियम आहे. नियम चांगला, पण फोन बदलण्याच्या दिवशीच तो आडवा आला तर ना बँक उघडते ना यूपीआय. म्हणून सिमचा प्रकार बदलायचा असेल तर ते काम चार दिवस आधी किंवा चार दिवस नंतर करा. त्याच रात्री नको.

## 4. फोटो खरोखर फोनमध्ये आहेत का, ते पाहा

केबल फक्त फोनमध्ये असलेले फोटो नेते. आणि आयफोनमध्ये दिसणारा प्रत्येक फोटो आयफोनमध्ये असतोच असं नाही.

`Settings` मध्ये नावावर टॅप करून `iCloud` आणि मग `Photos` उघडा. तिथे `Optimize iPhone Storage` वर खूण असेल, तर मूळ फोटो आयक्लाउडवर आहेत आणि फोनमध्ये त्यांच्या लहान प्रती आहेत. ओळखायची सोपी खूण अशी: जुना, दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो उघडा. आधी धूसर दिसून, कोपऱ्यात गोल फिरून मग स्पष्ट झाला, तर तो आत्ता इंटरनेटवरून आला.

आतेभावाच्या आयक्लाउडवर 64 जीबी फोटो होते आणि फोनमध्ये त्यांनी जेमतेम 9 जीबी जागा घेतली होती. पहिल्या खेपेत केबलने नेले असते तर 55 जीबी मागे राहिले असते, आणि गॅलरी भरलेली दिसल्यामुळे कुणाला पत्ताही लागला नसता.

इथे दोन वाटा आहेत.

फोनमध्ये जागा असेल तर `Download and Keep Originals` निवडा आणि फोन रात्रभर वाय-फाय आणि चार्जरला लावून ठेवा. सगळे मूळ फोटो उतरले की मग केबल. आतेभावाचा फोन 128 जीबीचा, त्यात 60 जीबी मोकळे होते. उतरायचे 55. कसंबसं बसेल म्हणून आम्ही आधी जुने व्हिडिओ-कॉलिंगचे ॲप आणि दोन गेम उडवले. त्याला दोन रात्री लागल्या, कारण त्याच्या घरचं इंटरनेट संध्याकाळी रांगतं.

फोनमध्ये जागा नसेल तर ॲपलचीच सोय आहे. `privacy.apple.com` वर जाऊन `Transfer a copy of your data` निवडलं की आयक्लाउडचे फोटो परस्पर गूगल फोटोजमध्ये जातात. फोन त्यात लागतच नाही. याला तीन ते सात दिवस लागतात, आणि सुरुवात झाल्याचा आणि संपल्याचा मेल येतो. यात अट जागेची आहे. गूगल फुकट देतं ते 15 जीबी, आणि त्यातच जीमेलही येतं. 64 जीबी त्यात मावणार नाहीत, म्हणजे आधी गूगलची जागा विकत घ्यावी लागेल. जागा संपली की उरलेले फोटो जात नाहीत. शिवाय ही प्रत आहे, आयक्लाउडवरचे फोटो तसेच राहतात. त्यामुळे ॲपलचं जागेचं भाडं लगेच बंद करू नका, आधी मोजून पाहा.

मोजायचं कसं? आयफोनच्या `Photos` ॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ किती, तो आकडा दिसतो. तो वहीत लिहा. एकही फोटो हरवू नये असं वाटणाऱ्याने तीन ठिकाणं निवडून पाहावीत: सगळ्यात जुना फोटो, मधल्या एखाद्या लग्नाचा दिवस, आणि काल काढलेला. तिन्ही नव्या फोनात पूर्ण मोठे करून पाहिले की खात्री होते. लाइव्ह फोटो मात्र बऱ्याचदा एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ असे सुटे होतात. त्यावर जीव जाळू नका.

## 5. केबल, आणि व्हॉट्सॲपची एकच संधी

व्हॉट्सॲपबाबत सगळ्यात मोठा गैरसमज असा की आयफोनमध्ये बॅकअप आहे, म्हणजे नव्या फोनात तो उतरेल. आयफोनचा बॅकअप आयक्लाउडवर असतो आणि अँड्रॉइडमधलं व्हॉट्सॲप गूगलचा बॅकअप वाचतं. एकाला दुसऱ्याचं दार उघडत नाही. चॅट नेण्याचा अधिकृत रस्ता केबलचा, आणि तो नवा फोन पहिल्यांदा सेट करताना उघडतो. फोन सेट करून झाला असेल तर त्याला फॅक्टरी रीसेट करून पुन्हा सुरुवात करावी लागते. आतेभावाला तेच करावं लागलं. सॅमसंग सोडून दुसरा फोन असेल तर त्यात अँड्रॉइड 12 किंवा पुढचं हवं.

आधी आयफोनवर तीन गोष्टी करा. व्हॉट्सॲप अपडेट करा. `Settings` मधल्या `Display & Brightness` मध्ये `Auto-Lock` ला `Never` करा, म्हणजे मध्येच पडदा झोपणार नाही. आणि व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन आठवतो का ते पाहा. तो `Account` मध्ये `Two-step verification` खाली असतो. विसरला असाल तर आत्ता, ॲप चालू असताना, नवा ठेवा आणि ईमेलही जोडा. नव्या फोनात जाऊन "पिन आठवत नाही" म्हणालात आणि ईमेल जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं.

मग असं:

1. नवा फोन चालू करा. सेटअपमध्ये जुन्या फोनातून डेटा घ्यायचा का, असं विचारेल. हो म्हणा, आणि आयफोन केबलने जोडा. सॅमसंगमध्ये हे काम स्मार्ट स्विच करतं.
2. आयफोनवर विश्वास ठेवायचा का, असं विचारेल. `Trust` दाबून पासकोड द्या.
3. काय काय न्यायचं याची यादी येईल. कॉन्टॅक्ट, मेसेज, फोटो यांच्यावर खूण करा. एसएमएस आणि आयमेसेज इथूनच जातात, त्यांना वेगळं काही करावं लागत नाही.
4. नव्या फोनावर व्हॉट्सॲपसाठी एक क्यूआर कोड येईल. आयफोनच्या साध्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करा. आयफोनमधलं व्हॉट्सॲप आपोआप उघडेल. `Start` दाबा आणि ते ॲप समोर उघडंच ठेवा. मध्ये कुणाचा फोन आला म्हणून दुसऱ्या पडद्यावर गेलात तर तयारी अडकते.
5. आयफोन चॅटची पोतडी बांधतो आणि ती केबलने जाते. सगळं संपल्यावर नव्या फोनात व्हॉट्सॲप उघडा, तोच नंबर टाका, आयफोनवर आलेला ओटीपी द्या. `Import` असं बटण येईल. ते दाबा.

पाचव्या पायरीवर जरा थांबा. `Import` दिसलंच नाही आणि ॲप थेट कोऱ्या चॅटवर घेऊन गेलं, तर समजा की पोतडी पोहोचलेली नाही. तिथे मेसेज पाठवायला सुरुवात करू नका, रीसेट करून पुन्हा करा. कॉलची यादी येत नाही, ती मागे राहते.

आणि ज्यांचं आतेभावासारखं आधीच बिनसलंय त्यांच्यासाठी: नव्या फोनात व्हॉट्सॲप चालू केल्यावर आयफोनमधलं लॉगआउट होतं, पण चॅट आयफोनच्या पोटात तसेच असतात. आयफोनमधलं ॲप काढून टाकू नका. तिथे त्याच नंबराने पुन्हा लॉगिन करा, चॅट दिसतील. मग नवा फोन रीसेट करून वरची पाच पावलं. आतेभावाने रागाच्या भरात आयफोनमधलं व्हॉट्सॲप उडवून पुन्हा टाकायचं ठरवलं होतं. मी फोनवर ओरडलो म्हणून बोट थांबलं.

त्याच्या चॅटला आणि फोटोंना मिळून रात्रीचे अडीच तास गेले. वहिनींनी मध्ये दोनदा चहा केला.

## 6. ऑथेंटिकेटर: चार जातींच्या किल्ल्या

केबलने ॲप येतात, पण त्यांच्या पोटातले कोड येत नाहीत. नव्या फोनात ऑथेंटिकेटर दिसला म्हणजे काम झालं, असं समजणं हाच माझ्या स्वतःच्या त्या तीन दिवसांचा उगम.

गूगल ऑथेंटिकेटर. आयफोनवर ॲप उघडा, मेनूमधून `Transfer accounts` आणि `Export accounts`. न्यायच्या खात्यांवर खूण केली की क्यूआर कोड दिसतो. खाती जास्त असतील तर एकापेक्षा जास्त क्यूआर येतात, सगळे स्कॅन करा, पहिल्यावरच थांबू नका. नव्या फोनात तोच मेनू, पण `Import accounts` आणि `Scan QR code`. आयफोनमधली खाती पुसायची का, असं विचारेल. नाही म्हणा.

आता दोन्ही फोन शेजारी ठेवा. जीमेलच्या ओळीत दोन्हीकडे तेच सहा आकडे हवेत, आणि तीस सेकंदांनी दोन्हीकडे एकदमच बदलायला हवेत. हा कोड गुप्त किल्ली आणि घड्याळ यांच्यावरून काढला जातो, इंटरनेट त्यात लागत नाही. म्हणून आकडे वेगळे दिसले तर घड्याळ पाहा. आतेभावाच्या नव्या फोनात तारीख-वेळ हाताने लावलेली होती, दोन मिनिटं पुढे. `Automatic date and time` चालू केल्यावर दोन्हीकडे आकडे जुळले.

ॲपमध्ये गूगल अकाउंटने साइन-इन असेल तर खाती आपोआपही येतात. ही सोय 2023 पासून आहे. तरी मी क्यूआरनेच नेतो, कारण समोर दिसतं.

त्या क्यूआरचा फोटो कुणाला पाठवू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही नको. त्यात कोड नसतो, कोड बनवणारी किल्ली असते. ज्याच्याकडे तो गेला त्याच्या फोनात तुमचे आकडे कायम दिसत राहतील.

मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर. याचा आयफोनवरचा बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो आणि तो अँड्रॉइडवर उतरत नाही. म्हणून इथे नेणं नाही, नव्याने जोडणं आहे. लॅपटॉपवर `mysignins.microsoft.com/security-info` उघडा. लॉगिनची परवानगी आयफोनवर येईल, ती द्या. मग `Add sign-in method` मधून ऑथेंटिकेटर निवडा आणि येणारा क्यूआर नव्या फोनाने स्कॅन करा. आता यादीत दोन फोन दिसतील. नव्याने एकदा परवानगी देऊन पाहा, मगच जुना काढा. आयफोन आधीच पुसला असेल तर ही पानं उघडतच नाहीत, आणि मग कंपनीच्या आयटीवाल्याला गाठावं लागतं. माझा आयटीवाला त्या आठवड्यात लग्नाला नंदुरबारला गेला होता.

आयफोनच्या `Passwords` मधले कोड. तेही केबलने येत नाहीत. त्या त्या वेबसाइटवर जुन्या कोडने लॉगिन करा, सुरक्षेच्या पानावर ऑथेंटिकेटर बदलण्याची सोय असते, तिथला नवा क्यूआर नव्या फोनाने स्कॅन करा. फेसबुक पेजचं पाच मिनिटांत झालं. खाती वीस असतील तर दोन संध्याकाळी धरा.

पासकी. आयफोनमध्ये चेहऱ्याने उघडणारी पासकी आयक्लाउडच्या किल्ल्यांमध्ये असते, ती अँड्रॉइडमध्ये दिसत नाही. नव्या फोनात पासवर्ड आणि बॅकअप कोडने आत जा आणि तिथे नवी पासकी बनवा. जुनीला तात्पुरतं वापरायचं असेल तर लॉगिन करताना दुसऱ्या फोनातली पासकी वापरायचा पर्याय येतो. त्याचा क्यूआर आयफोनने स्कॅन करायचा, दोन्हीकडे ब्लूटूथ चालू ठेवून.

शेवटी चाचणी. लॅपटॉपवर इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि वहीतल्या यादीतलं एकेक खातं फक्त नव्या फोनाच्या कोडने उघडा. उघडलं की वहीत बरोबरची खूण. आयफोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर नजर तिकडेच जाते.

## 7. आयमेसेज बंद करा, मग सिम हलवा

हे राहिलं तर लक्षात यायला आठवडे लागतात. आयफोनवाले मित्र तुम्हाला मेसेज करतील, त्यांच्या फोनवरून तो आयमेसेज म्हणून जाईल, आणि तुमच्या अँड्रॉइडवर काहीच येणार नाही. त्यांना वाटेल तुम्ही उत्तर देत नाही.

सिम आयफोनमध्ये असतानाच `Settings` मध्ये `Messages` उघडा. नव्या आयओएसमध्ये ते `Apps` च्या आत गेलंय. तिथे `iMessage` बंद करा, आणि तसंच `FaceTime` उघडून तेही. आयफोन हातात नसेल तर `selfsolve.apple.com/deregister-imessage` या पानावर नंबर टाका, एसएमएसने आलेला कोड भरा, झालं.

मग सिम काढून नव्या फोनात. एका आयफोनवाल्या नातेवाइकाला साधा मेसेज पाठवायला सांगा. त्याच्या फोनात फुगा हिरवा दिसला पाहिजे.

## 8. यूपीआय आणि बँकेचे ॲप

हे नेता येत नाहीत, पुन्हा नोंदवावे लागतात. ॲप तुमच्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवून नंबर तपासतो, म्हणून सिममध्ये एसएमएस जाण्याइतका बॅलन्स हवा. नव्या फोनावर नोंदणी केल्यावर अँड्रॉइडमध्ये पहिले 24 तास यूपीआयने 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात. आतेभावाला दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीच्या मजुरांना अठरा हजार द्यायचे होते, त्याने आदल्या दिवशीच एटीएम गाठलं. ज्यांच्याकडे शुक्रवारी आठवड्याची मजुरी असते त्यांनी हा फोन-बदल शनिवारी रात्री करावा.

## 9. आयफोन कधी पुसायचा

निदान पंधरा दिवस तो चार्ज करून कपाटात ठेवा. विसरलेलं खातं याच काळात आठवतं. आम्हाला नवव्या दिवशी एक सापडलं, विम्याच्या पोर्टलचं.

मग विकायचा असेल तर आधी `Settings` मध्ये नावावर टॅप करून तळाशी `Sign Out`. ॲपलचा पासवर्ड मागेल. हे न करता नुसता पुसला तर घेणाऱ्यासमोर जुन्या मालकाचा पासवर्ड मागणारा ॲक्टिव्हेशन लॉक उभा राहू शकतो आणि तो रात्री अकराला तुम्हाला फोन करतो. त्यानंतर `General` मध्ये `Transfer or Reset iPhone` आणि `Erase All Content and Settings`. पडद्यावर वेगवेगळ्या भाषांत नमस्कार येऊ लागला, आणि पुढे गेल्यावर त्याने कुणाचाही जुना पासवर्ड मागितला नाही, की फोन मोकळा झाला.

आतेभावाने तो भुसावळच्या एका मुलाला विकला. वही मात्र त्याने केळीच्या हिशोबाच्या वह्यांबरोबर ठेवली आहे, वर लाल पेनाने "फोन" असं लिहून. उरलेले नऊ बॅकअप कोड त्यात आहेत.